एकेचाळीस पानांतून निर्णय कसे वेचायचे

प्रश्न: सोसायटीचा सचिव म्हणून माझा पहिलाच महिना. कमिटीची बैठक २ तास २० मिनिटं चालली. अर्धे लोक ऑफिसात, अर्धे ऑनलाइन. रेकॉर्डिंगवरून ॲपने काढलेली ट्रान्सक्रिप्ट ४१ पानांची आहे. तीनदा वाचली, तरी नक्की काय ठरलं आणि कोणी काय करायचं हे सांगता येत नाही. यातून निर्णय, कामं आणि जबाबदार माणसांची नावं असलेलं इतिवृत्त कसं लिहायचं?

उत्तर:

तीनदा वाचलीत म्हणजे तिन्ही वेळा पहिल्या पानापासून वाचली असणार. तसं वाचलं की चर्चा समजते, निर्णय हाती लागत नाही. बोलताना माणसं एखादी गोष्ट ठरवतात, पाच मिनिटांनी मोडतात, चहा आल्यावर तिसरंच बोलतात आणि निघताना दारात उभं राहून खरं काय ते ठरवतात. इतिवृत्तात यातलं फक्त शेवटचं जातं. म्हणून मी प्रत्येक विषय शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते. २७ वर्षं आधी कंपनीत आणि मग आमच्या सोसायटीत इतिवृत्तं लिहिली. मला लागलेल्या सवयींपैकी हीच सगळ्यांत उपयोगाची.

पण उलटं वाचायचं तर आधी विषय वेगळे करावे लागतात. त्यासाठी एक पहिला हात फिरवा, त्यात काहीही लिहायचं नाही. बैठकीची विषयपत्रिका समोर ठेवा आणि ट्रान्सक्रिप्ट चाळत प्रत्येक विषय कुठल्या वेळेला निघाला तेवढंच टिपा. गच्ची: ०:३१ ते ०:४३, पुन्हा १:५२ ते १:५५. लिफ्ट: ०:२०, पुन्हा १:१०, पुन्हा १:४८. एकच विषय दोन-तीन ठिकाणी विखुरलेला दिसेल. विषयपत्रिकेत नसलेले एक-दोन विषयही सापडतील, ते ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ म्हणून वेगळे ठेवा. मग एका विषयाचे सगळे तुकडे कापून एका फाइलमध्ये एकाखाली एक लावा. ४१ पानांना याला पाऊण तास लागतो. हे केलं की ४१ पानांचं एक बाड उरत नाही, पाच-सहा पानांचे सात-आठ छोटे गठ्ठे होतात आणि डोकं ताळ्यावर येतं.

याच वेळी हजेरीही नीट करून घ्या. ऑनलाइन बैठकीत माणूस कधी आला आणि कधी गेला हे ॲप दाखवतं. ते महत्त्वाचं अशासाठी की नऊ जणांच्या नावाने ‘ठरले’ लिहायचं आणि त्यातले तिघे तेव्हा बैठकीतून गेलेले असायचे, असं होतं. गणपूर्ती सुरुवातीला होती एवढं बघून भागत नाही, त्या विषयाच्या वेळी किती जण होते ते बघा.

आता एक विषय सोडवून दाखवते. आमच्याच सोसायटीतला आहे, नावं बदलली आहेत. बैठक शनिवार, १० मे २०२५ ची. ब विंगच्या गच्चीतून वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पाणी झिरपत होतं. तुकडे लावल्यावर मजकूर असा दिसला:

```
[०:३१] खजिनदार: तीन कोटेशनं आलीत. एक चार ऐंशीचं,
       एक सव्वापाचचं आणि एक सहाच्या वर.
[०:३४] Society Office: पहिल्यालाच देऊन टाकू ना मग.
[०:३४] अध्यक्ष: हो हो, चालेल.
[०:३६] साने: वॉरंटी किती वर्षांची आहे त्यात?
[०:४१] अध्यक्ष: मग थांबू जरा. पाटीलसाहेबांना एकदा
       दाखवून घेऊ. ते बघतील.
[१:५२] खजिनदार: गच्चीचं काय मग?
[१:५२] Society Office: मी बोलतो पाटलांशी. रविवारी
       येतील ते.
[१:५३] अध्यक्ष: आणि एवढा खर्च कमिटीत नाही होणार,
       सभेपुढे न्यावा लागेल. पंचवीसला विशेष सभा लावू.
[१:५४] खजिनदार: मग नोटिशीत घालायला हवं.
[१:५५] अध्यक्ष: हो, घालून टाका.
```

वरून खाली वाचणारा माणूस ०:३४ ला अडकतो. ‘देऊन टाकू’, ‘हो हो, चालेल’ हे दिसलं की त्याचा हात लिहून मोकळा होतो: ‘सर्वांत कमी दराच्या कंत्राटदारास काम देण्याचे ठरले.’ हे असं एकदा इतिवृत्तात गेलं की तो कंत्राटदार त्याच्या बळावर आगाऊ रक्कम मागायला येतो. आणि चूक तुमची असते.

खालून वाचा. १:५५ ला शेवटचं काय आहे? विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत हा विषय घालायचा. त्याच्या वर? खर्च कमिटीच्या अधिकाराबाहेरचा आहे. त्याच्या वर? अभियंता पाटील येऊन गच्ची बघणार. त्याच्याही वर गेलं की ०:४१ चं ‘मग थांबू जरा’ लागतं, आणि त्या एका वाक्याने ०:३४ चं ‘चालेल’ रद्द झालंय हे कळतं. म्हणजे कंत्राटदार ठरलेलाच नाही. ठरल्या त्या दोनच गोष्टी: तज्ज्ञाला दाखवायचं आणि सभेपुढे न्यायचं.

यातली दुसरी तर सरळ निर्णयही नाही. उपविधींत दुरुस्तीच्या खर्चाची एक मर्यादा असते. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कमिटीला किती खर्च करता येईल हे सभासदसंख्येनुसार दिलेलं असतं. तुमच्या सोसायटीचे उपविधी काढून तो आकडा एका कागदावर लिहून ठेवा. त्याच्या वरचं काहीही कमिटीत ‘मंजूर’ होत नाही, तिथे कमिटी सभेला शिफारस करते. इतिवृत्तात ‘निर्णय’ आणि ‘शिफारस’ हे दोन शब्द मी कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. लेखापरीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे क्रियापदांकडे येते. मराठी बोलणं माणसाला जबाबदारीतून फार सुखाने सुटू देतं. ‘करायला हवं’, ‘बघायला पाहिजे’, ‘होऊन जाईल’, ‘सांगावं लागेल’, या वाक्यांत करणारा माणूसच नसतो. बैठकीत ते खटकत नाही, उलट वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. ट्रान्सक्रिप्ट वाचताना मात्र अशा प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि समासात ‘कोण?’ लिहा. वरच्या उताऱ्यात ‘नोटिशीत घालायला हवं’ याला कर्ता नाही. पुढचं ‘घालून टाका’ अध्यक्षांनी कोणाला उद्देशून म्हटलं? नोटीस काढणं हे सचिवाचं काम, म्हणून इथे सचिव. पण हे मी कामाच्या स्वरूपावरून ठरवलं, वाक्यावरून नाही, आणि तसं ठरवलं की त्या माणसाला विचारून खात्री करायची.

‘बघतो’ हे दुसरं. ‘मी बघतो’ म्हणजे मी करतो, मी विचारतो, किंवा मला आत्ता नाही म्हणायचं नाहीये, यांपैकी काहीही. मी ते काम म्हणून धरत नाही, जोवर पुढे काही नेमकं आलेलं नाही. ‘मी पाटलांशी बोलतो’ हे काम आहे. ‘सीसीटीव्हीचं मी बघतो’ हे काम नाही. त्या माणसाला फोन करून ‘बघता म्हणजे दर मागवता की आहे ते दुरुस्त करून घेता?’ एवढं विचारावं लागतं. दहांतल्या सात-आठ वेळा पलीकडून जे उत्तर येतं ते ट्रान्सक्रिप्टमध्ये कुठेच नसतं.

‘आपण’ हा तिसरा. ‘आपण टाकीवाल्याला बोलावून घेऊ’ यातले आपण म्हणजे नऊ जण. नऊ जणांचं काम कोणीच करत नाही. ‘आपण’ दिसलं की पुढच्या चार-पाच ओळींत कोणी ‘मी’ म्हणतंय का ते शोधा. म्हटलं असेल तर काम त्याचं. नसेल तर इतिवृत्तात नाव घालू नका.

आणि ‘ते’. ‘पाटीलसाहेबांना दाखवून घेऊ, ते बघतील.’ हे ‘ते’ आदरार्थी एकवचनी आहे, पाटील एकटेच. पण ‘अ विंगचे लोक बोलले होते, ते करतील’ यातलं ‘ते’ अनेकवचनी. कागदावर दोन्ही सारखी दिसतात. शिवाय पाटील आपले सभासदही नाहीत, बाहेरचे अभियंता आहेत. बाहेरच्या माणसाचं नाव जबाबदारीच्या रकान्यात घालून उपयोग नाही. तो बैठकीला येत नाही, त्याला विचारणारं कोणी नसतं. त्याच्याकडून काम करवून घेणारा जो आतला माणूस, त्याचं नाव तिथे हवं. इथे तो म्हणजे ‘मी बोलतो पाटलांशी’ म्हणणारा.

तो कोण, इथे ट्रान्सक्रिप्ट दगा देते. बोलणाऱ्याचं नाव म्हणून पडद्यावर `Society Office` आहे. ऑफिसातल्या एकाच लॅपटॉपसमोर पाच जण बसले होते आणि ॲपच्या दृष्टीने ते पाचही एकच माणूस. ०:३४ चा ‘देऊन टाकू’ म्हणणारा आणि १:५२ चा ‘मी बोलतो’ म्हणणारा एकच असेल असं मजकुरावरून वाटतं. रेकॉर्डिंग लावल्यावर कळलं, पहिला आवाज लेले यांचा, दुसरा कर्वे यांचा. मी मजकुरावर विसंबून लेल्यांचं नाव घातलं असतं तर त्यांनी पाटलांना फोन केलाच नसता, आणि त्यांचं काही चुकलं असतं असंही नाही.

म्हणून नियम असा: अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं नाही, तेवढा वेळ कोणालाच नसतो. पण तीन गोष्टी मजकुरावरून कधीच उचलायच्या नाहीत, त्या जागा कानाने ऐकायच्या. सामायिक लॅपटॉपवरच्या माणसाने घेतलेली जबाबदारी, प्रत्येक आकडा, आणि ज्या वाक्याने निर्णय फिरतो ते वाक्य. ट्रान्सक्रिप्टमध्ये वेळ दिलेली असतेच, त्यामुळे अशा २०-२५ जागा अर्ध्या तासात ऐकून होतात.

आकड्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मराठीत ते फार निसरडे आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत ॲप गफलत करतं. ‘पावणेतीन’मधलं ‘पावणे’ हळू बोललं गेलं तर कागदावर सरळ तीन येतात. ‘साठ’चं ‘सात’ होतं. आमच्या उताऱ्यातलं ‘चार ऐंशी’ म्हणजे ४ लाख ८० हजार हे बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला चारशे ऐंशीही वाटू शकेल. माझी पद्धत अशी की पैशाचा आकडा ऐकून तपासायचा, पण लिहायचा मात्र मूळ कागदावरून, म्हणजे कोटेशन, बिल किंवा बँकेच्या पासबुकावरून. दोन्ही जुळले नाहीत तर खजिनदारांना विचारायचं. त्या बैठकीत ‘सव्वापाच’ प्रत्यक्षात ५,३१,००० निघाले, कारण बोलताना त्यांनी गोल आकडा सांगितला होता.

तारखांचंही तेच. १० मे शनिवार होता आणि कर्वे म्हणाले ‘रविवारी येतील’. उद्याचा रविवार, ११ मे? की पुढचा, १८ मे? उद्याच यायचे असते तर ते ‘उद्या’ म्हणाले असते, म्हणून मी १८ धरला आणि फोनवर विचारला. १८ च होता. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही, क्रियापद बघितल्याशिवाय कळत नाही. ‘पावसाच्या आधी’, ‘गणपतीच्या आत’, ‘दिवाळी झाली की’ ह्या आपल्या बोलण्यातल्या मुदती आहेत. त्या तशाच लिहून ठेवल्या तर दिवाळीनंतर कोणी म्हणेल, तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते. इतिवृत्तात दिनांक येतो. बैठकीत तारीख निघाली नसेल तर काम घेतलेल्या माणसाकडून मागून घ्या, तुमच्या मनाने घालू नका.

कधी कधी तारीख मागे मोजून निघते. विशेष सभा २५ मे, रविवारची. उपविधींप्रमाणे जितके दिवस आधी नोटीस द्यावी लागते तितके मागे गेलं की नोटिशीची शेवटची तारीख मिळते. आणि नोटिशीसोबत खर्चाचा प्रस्ताव द्यायचा असेल तर पाटलांचा अहवाल त्याच्याही आधी हवा. इथे आमच्या लक्षात आलं की १८ ला गच्ची बघून तो अहवाल नोटिशीत जोडणं जमणारच नाही. हे बैठकीत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, इतिवृत्त लिहिताना आलं. मी काय केलं? निर्णय बदलला नाही, तो माझा अधिकार नाही. अध्यक्षांना फोन केला, ते म्हणाले अहवाल सभेतच मांडू. ते मी इतिवृत्तात घातलं नाही, कारण बैठकीत ते ठरलं नव्हतं. नोटिशीत घातलं.

विषय लिहून झाला तो असा:

```
विषय क्र. ३: ब विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग
चर्चा: तीन कोटेशने (रु. ४,८०,०००, रु. ५,३१,००० आणि
रु. ६,१८,०००) सादर झाली. श्री. साने यांनी वॉरंटीच्या
मुदतीबाबत विचारणा केली.
निर्णय ३.१: कंत्राटदार निश्चित करण्यापूर्वी गच्चीची
पाहणी अभियंत्याकडून करून घ्यावी.
शिफारस ३.२: खर्च समितीच्या मर्यादेबाहेर असल्याने
विषय दि. २५ मे २०२५ रोजीच्या विशेष सर्वसाधारण
सभेपुढे मंजुरीसाठी ठेवावा.
कार्यवाही:
३-क  अभियंत्यांची पाहणी ठरवणे व अहवाल मिळवणे
     जबाबदारी: श्री. कर्वे   मुदत: पाहणी १८ मे
३-ख  विशेष सभेच्या नोटिशीत विषय समाविष्ट करणे
     जबाबदारी: सचिव          मुदत: १६ मे
```

पंधरा मिनिटांच्या बोलण्यातून एवढंच उरतं. चर्चेला दोन वाक्यं दिली, ती का? कारण पुढे कोणी विचारलं की स्वस्तातलं कोटेशन असून लगेच का दिलं नाही, तर उत्तर तिथे सापडावं. निर्णयाचं कारण समजायला जेवढी लागते तेवढीच चर्चा. कोणी कोणाला ‘तुमच्या काळात हेच झालं होतं’ म्हणालं, ते नाही. सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं बघता येतात. म्हणजे ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो शेजारीच उद्या हा कागद वाचणार आहे, हे लिहिताना ध्यानात ठेवा. थकबाकीदाराबद्दल तर सदनिका क्रमांक आणि रक्कम एवढंच, विशेषणं एकही नाही.

‘एकमताने’ हा शब्द जपून वापरा. सवयीने प्रत्येक निर्णयाला तो लागतो. पण ज्याने विचारणा केली आणि नंतर काही बोललाच नाही, तो सहमत झाला की गप्प बसला हे ट्रान्सक्रिप्ट सांगू शकत नाही. ‘हं’, ‘बरं’, ‘ठीक आहे’ ह्या आपल्याकडे संमती नसतात, ऐकतोय एवढंच असतं. कोणीही विरोध नोंदवला नसेल तर मी नुसतं ‘ठरले’ लिहिते. कोणी ‘माझा विरोध लिहून घ्या’ म्हटलं असेल, तर नाव घालून तसाच लिहायचा, एकदाही गाळायचा नाही. कमिटीच्या निर्णयांना सदस्य एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार धरले जातात, त्यामुळे त्या एका ओळीवर त्या माणसाचं बरंच काही अवलंबून असतं.

नावांबद्दल माझी एक जुनी जखम सांगते. पूर्वी ज्या कंपनीत होते तिथे एका बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, ‘कुलकर्णी यांनी सुधारित ड्रॉइंग पाठवावे.’ बैठकीत दोन कुलकर्णी होते, एक खरेदीत आणि एक डिझाइनमध्ये. मला कोण ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून आद्याक्षर घालायचं सुचलंच नाही. दोघांनाही वाटलं दुसरा पाठवतोय. पाच आठवडे ते ड्रॉइंग कोणी पाठवलं नाही, आणि जेव्हा चौकशी झाली तेव्हा दोघांनी माझंच इतिवृत्त पुढे केलं. तेव्हापासून आडनाव एकटं लिहीत नाही. सोसायटीत तर ‘काका’, ‘वहिनी’, ‘दादा’ यांनीच बैठक चालते. ‘जोशीकाका करतील’ हे बोलताना गोड वाटतं, पण आमच्याकडे तीन जोशीकाका आहेत. नाव, आद्याक्षर, सदनिका क्रमांक. वरच्या नमुन्यात सोय म्हणून मी आडनाव ठेवलंय, प्रत्यक्ष कागदावर तसं नव्हतं.

मालक न सापडलेल्या कामांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी तुमची खरी अडचण तीच होणार आहे. आमच्या बैठकीत टाकी साफ करायची सगळ्यांनी मान्य केली आणि कोणीच घेतली नाही. नवा सचिव अशा वेळी स्वतःचं नाव घालतो. चांगुलपणाने घालतो, आणि तीन बैठकांनंतर त्याच्या नावावर अकरा कामं असतात. तसं करू नका. तिथे लिहा: ‘जबाबदारी: निश्चित झाली नाही.’ आणि मसुदा पाठवण्याआधी अध्यक्षांना फोन करून सांगा की अशा दोन ओळी आहेत, कोणाला द्यायच्या ते तुम्ही सांगा. रिकामा रकाना अध्यक्षांना बघवत नाही, ते लगेच कोणाला तरी गाठतात. त्या माणसाने हो म्हटलं की नाव घालायचं आणि पुढे ‘(बैठकीनंतर, अध्यक्षांच्या सूचनेनुसार)’ असं लिहायचं. म्हणजे ते बैठकीत ठरल्याचं खोटं होत नाही. जो बैठकीला नव्हता त्याचं नावही असंच, त्याने हो म्हटल्यावरच.

सगळ्यांना मसुदा पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणखी एक करते. ज्यांच्या नावावर काम आहे त्यांना प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर फक्त त्याची ओळ पाठवते. कर्व्यांना गेलेला निरोप असा होता: ‘पाटीलसाहेबांची गच्चीची पाहणी १८ मेला ठरवणं आणि अहवाल घेणं तुमच्याकडे लिहिलंय, बरोबर ना?’ पूर्ण इतिवृत्त कोणी वाचत नाही, स्वतःच्या नावाची एक ओळ सगळे वाचतात. ‘अहवाल नाही हं, मी फक्त त्यांना बोलावणार’ असं उत्तर आलं तर ते आत्ता आलेलं बरं. तसंच आलं होतं. मग अहवालाचा पाठपुरावा साने यांनी घेतला, वॉरंटीचा प्रश्न त्यांचाच होता म्हणून. वरच्या नमुन्यातली ३-क ही ओळ अंतिम प्रतीत दोन ओळींची झाली, आणि सान्यांच्या ओळीपुढे तो कंस आला.

वेळेचं म्हणाल तर हे सगळं बैठकीनंतर दोन दिवसांत करा. तिसऱ्या दिवशी माणसांना काय बोललो ते आठवत नाही, आठवड्याने त्यांना जे बोलायला हवं होतं ते आठवतं. ४१ पानांना मला साधारण साडेतीन तास लागतात. तुम्हाला पहिल्यांदा पाच लागतील. कंपन्यांच्या संचालक मंडळांना मसुदा फिरवायला १५ दिवस असतात. सोसायटीत १५ दिवस थांबलात तर टाकीवाला येऊन गेलेला असतो.

मसुदा फिरवल्यावर कोणीतरी लिहील, ‘मी पार्किंगबद्दलही बोललो होतो, ते राहिलं.’ ट्रान्सक्रिप्टमध्ये शब्द शोधा आणि ती जागा ऐका. बोलले असतील आणि त्यावर काही ठरलं असेल तर घाला. बोलले, पण पुढे काहीच झालं नाही, तर तसं सांगा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्यांचा विषय लावून द्या. बोललेच नसतील तर इतिवृत्तात घालायचं नाही, कितीही जुने सभासद असोत. मला एकदा असा आग्रह झाला होता. त्या गृहस्थांना मी घरी बोलावून चहा दिला आणि त्यांच्या बोलण्याची तेवढी १२ मिनिटं ऐकवली. ऐकून ते म्हणाले, अहो, हे मी जिन्यात बोललो होतो.